तेलाच्या डब्यावरचं आयातशुल्क कोण ठरवतं? मध्यक मतदार, रेंट-सीकिंग आणि लॉबिंग

इंदूरला सियागंजात 15 किलोच्या तेलाच्या डब्याचा भाव बदलला, की दुकानदार दोनच कारणं सांगतो: 'वरून तेजी आहे' किंवा 'ड्यूटी वाढली'. पहिलं कारण शिकागो आणि क्वालालंपूरच्या बाजारातून येतं. दुसरं दिल्लीतून येतं, आणि या लेखाचा विषय ते दुसरं आहे. सरकारनं शुल्क वाढवलं किंवा घटवलं, ते का? सरकारी निर्णय कुणाच्या हितातून होतात हे शोधणाऱ्या अर्थशास्त्राच्या शाखेला 'पब्लिक चॉइस' म्हणतात, आणि पेपरात तिचा प्रश्न नेमका हाच असतो. एखादं धोरण दिलेलं असतं आणि ते मध्यक मतदारामुळे झालं, रेंट-सीकिंगमुळे झालं की लॉबिंगमुळे, हे ओळखायचं असतं.

बहुतेक उत्तरं एकाच ठिकाणी घसरतात. विद्यार्थी तिघांतला एक सिद्धांत उचलतो आणि सगळं धोरण त्याच्या गळ्यात घालतो. पण धोरण म्हणजे एक अखंड वस्तू नसते. खाद्यतेलाच्या आयातशुल्काचंच बघा. शुल्क एकूण किती, हा एक प्रश्न. कच्च्या आणि रिफाइंड तेलाच्या शुल्कात अंतर किती, हा वेगळा प्रश्न. सवलत सगळ्यांना सरसकट दिली की कोटा करून मोजक्यांना वाटली, हा तिसरा. या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. माळव्यात राहणाऱ्याला हे उदाहरण जवळचंही आहे: सोयाबीन आपल्या शिवारात, सोया प्लांट आपल्या आसपास, सोयाबीन प्रोसेसर्स असोसिएशनचं मुख्य कार्यालय इंदुरात, आणि शेव-कचोरी तर घरोघरी.

आधी आकडे

तेलावरचं शुल्क तीन थरांचं असतं. मूळ सीमाशुल्क, त्यावर कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर, आणि या दोघांच्या बेरजेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार. सप्टेंबर 2024 च्या आधी कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर मूळ शुल्क शून्य आणि उपकर 5 टक्के होता. म्हणजे अधिभारासकट 5.5 टक्के. रिफाइंड तेलावर मूळ शुल्क 12.5 टक्के, अधिभारासकट 13.75.

14 सप्टेंबर 2024 पासून दोन्हींचं मूळ शुल्क 20 अंकांनी वाढलं. कच्चं तेल 27.5 टक्क्यांवर गेलं, रिफाइंड 35.75 वर. मग मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलाचं मूळ शुल्क 20 वरून 10 वर आणलं. उपकर आणि अधिभार धरून ते 16.5 टक्के झालं. रिफाइंडला हात लावला नाही.

आता या आकड्यांकडे दोन प्रकारे बघा. कच्च्या तेलाच्या शुल्काची पातळी 5.5, मग 27.5, मग 16.5 अशी वर-खाली झाली. पण रिफाइंड आणि कच्च्यातलं अंतर सप्टेंबर 2024 च्या आधी 8.25 होतं, नंतरही 8.25 च राहिलं, आणि मे 2025 मध्ये एकदम 19.25 झालं. सप्टेंबर 2024 मध्ये दोन्हींची पातळी हलली तेव्हा अंतर हललं नाही. अंतर हललं तेव्हा रिफाइंडची पातळी हलली नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणानं घडत असत्या तर असं झालं नसतं.

मधला माणूस

मध्यक मतदाराचा सिद्धांत डंकन ब्लॅकनं 1948 मध्ये मांडला आणि अँथनी डाउन्सनं 1957 मध्ये तो पक्षांच्या स्पर्धेला लावला. गाभा सोपा आहे. पाच मतदार घ्या. तेलावर किती शुल्क हवं, असं प्रत्येकाला विचारा. सरकारी नोकर म्हणतो 0, रिक्षावाला म्हणतो 0, किराणावाला म्हणतो 5, ज्याच्या गावाकडे थोडी शेती आहे तो म्हणतो 20, आणि पूर्ण वेळ सोयाबीन करणारा म्हणतो 35. कमीपासून जास्तीकडे रांग लावली की मधला, म्हणजे तिसरा, किराणावाला येतो. त्याचं 5 टक्के जिंकतं. एका पक्षानं 20 टक्के जाहीर केले तर दुसरा 5 म्हणून पहिल्या तिघांची मतं घेऊन जातो. कुणी 0 म्हटलं, तरी 5 म्हणणाऱ्याला किराणावाला आणि उजवीकडचे दोघे मिळतात. दोन्ही पक्ष घसरत घसरत मधोमध येतात.

इथे एक चूक फार होते. मध्यक आणि सरासरी एकच समजली जाते. वरच्या पाच जणांची सरासरी 12 आहे, मध्यक 5. सोयाबीनवाल्यानं उद्या 35 ऐवजी 60 ची मागणी केली तर सरासरी 17 होईल, पण मध्यक 5 वरच बसून राहील. या सिद्धांतात आवाज किती मोठा याला किंमत नाही, फक्त रांगेत तुम्ही कुठे उभे आहात याला आहे. म्हणून एखाद्या धोरणात थोड्या लोकांच्या तीव्र मागणीनुसार शुल्क सरकलेलं दिसलं, तर मध्यक मतदाराचं स्पष्टीकरण तिथेच अडखळतं. प्रश्नपत्रिकेत 'थोडे लोक, मोठा फायदा' असं वर्णन दिसलं की हे लक्षात घ्यायचं.

सिद्धांताच्या अटीही आहेत: प्रश्न एकाच मोजपट्टीवर मांडता यायला हवा, प्रत्येकाची एक आवडती जागा असून तिच्यापासून दूर जाताना पसंती घटत जायला हवी, स्पर्धा दोन पक्षांची हवी, आणि लोकांनी मत द्यायला यायला हवं. मध्य प्रदेशात दोन पक्षांची अट बऱ्यापैकी जुळते. पण सीमाशुल्क राज्य ठरवत नाही, केंद्र ठरवतं, आणि लोकसभेला कुणी तेलाच्या शुल्कावर मत देत नाही. तेल हा पन्नास मुद्द्यांच्या गाठोड्यातला एक मुद्दा असतो. त्यामुळे मध्यक मतदार शुल्काचा नेमका आकडा सांगेल, ही अपेक्षा करू नये. दिशा सांगितली तरी खूप झालं.

दिशा तो सांगतो. 2021 मध्ये तेल कडाडलं तेव्हा सरकारनं वर्षभरात शुल्क अनेकदा उतरवलं. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्य झालं. विकत घेणारे करोडो, पिकवणारे त्यांच्या मानानं थोडे, आणि किंमत सगळ्यांना बोचत होती. रांगेतला मधला माणूस तेव्हा ग्राहकच होता.

2024 मध्ये चित्र उलटलं. किरकोळ महागाई जुलै-ऑगस्टमध्ये 4 टक्क्यांच्या खाली होती, त्यामुळे ग्राहकाची बोच कमी झाली होती. सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि मंड्यांत भाव त्याच्या खाली होता. माळव्यात 6000 रुपयांची मागणी घेऊन शेतकरी रस्त्यावर होते. शिवाय नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राची निवडणूक होती, जिथे विदर्भ आणि मराठवाड्यात सोयाबीन हे मुख्य पीक आहे. देशाचा मध्यक मतदार तेव्हाही ग्राहकच होता. पण ज्या जागांवर निकाल फिरणार होता तिथला मधला माणूस शेतकरी होता. 'कोणाचा मध्यक?' हा प्रश्न विचारल्याशिवाय हा सिद्धांत वापरूच नये. भारतासारख्या ठिकाणी तो देशभर एकदम लावला की हमखास चुकतो.

आणि हेतू साधला का, हे वेगळं तपासावं लागतं. सोयाबीनच्या दाण्यात तेल साधारण 18 टक्के असतं. एका क्विंटलमधून 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते, जिला बाजारात डीओसी म्हणतात. समजा कच्च्या तेलाचा बंदरावरचा भाव 90 रुपये किलो आहे. शुल्क 22 अंकांनी वाढलं तर किलोमागे सुमारे 20 रुपये वाढतात. 18 किलोचे 360 रुपये. सगळेच्या सगळे शेतकऱ्याच्या हाती आले तरी क्विंटलला 360. पण पेंडीचा भाव किलोला फक्त साडेचार रुपयांनी पडला, की 80 किलोवर तेवढेच 360 रुपये निघून जातात. पेंडीला परदेशी गिऱ्हाईक कमी मिळालं आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त मक्याचा चोथा पशुखाद्यात तिच्याशी स्पर्धेत उतरला. परिणाम असा, की शुल्कवाढीनंतरच्या हंगामातही मंडीतला भाव हमीभावाखालीच राहिला. म्हणून 'शेतकऱ्याला फायदा झाला नाही, तेव्हा धोरण शेतकऱ्यासाठी नव्हतंच' हा निष्कर्षही कच्चा आहे. धोरण कुणाला खूश करायला केलं आणि त्याचा फायदा कुणाला मिळाला, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पब्लिक चॉइस पहिल्याबद्दल बोलतं.

अंतर कुणाला हवं होतं

मे 2025 चा निर्णय घेऊ, कारण तिन्हींत तोच सगळ्यात बोलका आहे. खाद्यतेलाची महागाई तोवर दोन आकडी झाली होती. ग्राहकाला दिलासा द्यायचा तर कच्चं आणि रिफाइंड, दोन्हींवरचं शुल्क उतरवता आलं असतं. उतरवलं फक्त कच्च्यावरचं. सरकारनं कारणं दोन दिली: ग्राहकाला स्वस्ताई आणि देशातल्या रिफायनिंगला प्रोत्साहन. पहिलं कारण मध्यक मतदाराचं. दुसऱ्या कारणामागे कोण उभं होतं, ते पैशांत मोजता येतं.

पामोलिनचं उदाहरण घेऊ, जे फरसाणवाल्यांच्या कढईत सर्रास असतं. भाव समजण्यापुरते धरलेले आहेत: कच्चं पामतेल बंदरावर 90 रुपये किलो, रिफाइंड पामोलिन 86 रुपये. रिफाइंड स्वस्त कसं, असं वाटेल. इंडोनेशिया कच्च्या तेलाच्या निर्यातीवर जास्त कर लावतो आणि रिफाइंडवर कमी, म्हणजे त्यांच्याकडचे कारखाने चालावेत. म्हणून इथे येईपर्यंत रिफाइंड माल कच्च्याच्या बरोबरीनं किंवा त्याहून स्वस्तही मिळू शकतो. रिफायनिंगचा खर्च किलोला 5 रुपये धरू.

सप्टेंबर 2024 नंतर, मे 2025 च्या आधी: कच्चं तेल शुल्कासह 114.75 रुपये, रिफायनिंग धरून 119.75. तयार पामोलिन शुल्कासह 116.75. तयार माल आणणं 3 रुपयांनी स्वस्त. इथली रिफायनरी बंद ठेवलेली बरी, असा हिशेब. व्यापारी तयार पामोलिन आणतो आणि बाजारभाव 116.75 च्या आसपास ठरतो.

मे 2025 नंतर: कच्चं तेल शुल्कासह 104.85, रिफायनिंग धरून 109.85. तयार पामोलिन तेच 116.75. आता इथे रिफाइंड करणं 6.90 रुपयांनी स्वस्त. तयार मालाची आयात बाद झाली.

हे 6.90 रुपये कुणाचे, इथे सगळी मेख आहे. देशातल्या रिफायनऱ्या एकमेकींशी जोरात भांडल्या तर भाव 109.85 पर्यंत खाली येईल आणि ते ग्राहकाचे होतील. भांडल्या नाहीत तर भाव 116.75 च्या जरा खाली थांबेल आणि ते रिफायनरीचे होतील. भारतात रिफायनिंगची क्षमता गरजेपेक्षा जास्त आहे, त्यामुळे भांडण होण्याची शक्यता बरी. म्हणजे यातली बरीच रक्कम ग्राहकाकडे येते आणि रिफायनरीला मुख्यतः कारखाना चालवायला माल मिळतो. हे मान्य करायला हवं. 'शुल्कातलं अंतर म्हणजे सरळ लूट' असं लिहिणारा हा हिशेब करत नाही.

तरी लॉबिंग का होतं, ते या आकड्यांवरून दिसतं. महिन्याला 4 किलो तेल लागणारं घर वर्षाला 48 किलो घेतं. अख्खे 6.90 रुपये त्याच्या खिशातून गेले तरी वर्षाचे 331 रुपये, महिन्याचे 28. एवढ्यासाठी कोण अधिसूचना वाचणार? उलट रोज 500 टन रिफाइंड करणारा कारखाना वर्षात 300 दिवस चालला तर 15 कोटी किलो तेल काढतो. 6.90 नं गुणलं की 103.5 कोटी रुपये. यातला निम्मा वाटा मिळण्याची आशा असली, तरी दिल्लीत माणूस ठेवणं परवडतं. फायदा एकवटलेला आणि खर्च विखुरलेला: मॅन्कर ओल्सननं 1965 मध्ये हाच मुद्दा मांडला. थोड्यांचा गट संघटित होतो, कारण प्रत्येकाचा वाटा मोठा असतो. करोडोंचा गट होत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्यानं करावं म्हणून थांबतो.

लॉबिंग म्हणजे पाकीट नव्हे, हेही इथेच सांगून टाकू. रिफायनरीवाल्यांच्या संघटना अर्थसंकल्पाआधी निवेदनं देतात, मंत्रालयाला पत्रं लिहितात, कारखाने किती टक्के क्षमतेवर चालताहेत याचे तक्ते देतात. अंतर वाढवा, ही मागणी त्यांनी उघड केली होती आणि मे 2025 च्या निर्णयाचं स्वागतही उघड केलं. तक्ते खरे असू शकतात. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला क्षमतेचे आकडे दुसरं कोण आणून देणार? अडचण अशी, की माहिती एकाच बाजूनं येते. महिन्याच्या 28 रुपयांचा तक्ता घेऊन कुणी गेलेलं नसतं.

शिवाय 'तेलउद्योग' असा एक गट नाही. बंदराजवळची रिफायनरी आयात केलेल्या कच्च्या तेलावर चालते. तिला कच्च्यावर शुल्क कमी हवं आणि रिफाइंडवर जास्त. माळव्यातला प्लांट सोयाबीन गाळतो आणि स्वतःच कच्चं तेल काढतो. त्याला कच्च्यावरही शुल्क जास्त हवं, नाहीतर त्याचं तेल आयात तेलापुढे महाग पडतं. मे 2025 चा निर्णय पहिल्याच्या सोयीचा आणि दुसऱ्याच्या गैरसोयीचा होता. उत्तरात 'तेल लॉबीच्या दबावामुळे' एवढंच लिहिलं तर परीक्षक विचारेल, कोणत्या?

कोटा आला की रांग लागते

लॉबिंग आणि रेंट-सीकिंग हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरले जातात. फरक धरून ठेवावा. लॉबिंग हे साधन आहे: सरकारचं मत वळवणं. रेंट-सीकिंग हा खर्चाचा प्रकार आहे: नवीन काही निर्माण न करता, सरकारी निर्णयातून तयार होणारं घबाड आपल्याकडे वळवण्यासाठी वेळ, पैसा आणि माणसं खर्च करणं. इथला 'रेंट' म्हणजे घरभाडं नव्हे. मराठी पाठ्यपुस्तकं त्याला 'खंड' म्हणतात: एखादी गोष्ट चालू ठेवायला जेवढं लागतं त्याहून वर मिळणारी रक्कम. विचार गॉर्डन टलॉकनं 1967 मध्ये मांडला, नाव ॲन क्रूगरनं 1974 मध्ये दिलं. त्या लेखात क्रूगरनं उदाहरणासाठी भारत आणि तुर्कस्तान घेतले. आयात-परवान्यांसारख्या नियंत्रणांतून 1964 च्या भारतात तयार होणारं घबाड तिनं राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.3 टक्के धरलं होतं.

परवानाराज गेलं, पण तेलात त्याची एक छोटी आवृत्ती 2022 मध्ये आली. मे 2022 मध्ये सरकारनं कच्चं सोयातेल आणि कच्चं सूर्यफूल तेल, प्रत्येकी वर्षाला 20 लाख टन, शून्य शुल्कानं आणण्याची मुभा दिली. योजना 2022-23 आणि 2023-24 अशा दोन वर्षांसाठी होती. कोटा केंद्राचं परदेशी व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, अर्ज मागवून वाटायचं. कोट्याबाहेरच्या आयातीवर 5.5 टक्के शुल्क कायम.

हेतू ग्राहकाचा, मार्ग कोट्याचा. आता सोयातेलाचा हिशेब करा. टनाचा भाव सोयीसाठी 1 लाख रुपये धरला तर कोटा असलेल्याला 5500 रुपये वाचतात. 20 लाख टनांवर 1100 कोटी. ही रक्कम ग्राहकाला मिळाली का? देशाची सोयातेलाची आयात 20 लाख टनांहून जास्त होती. म्हणजे बाजाराची गरज भागवायला कुणीतरी शुल्क भरूनही तेल आणणारच होता, आणि तो 1,05,500 च्या खाली विकणार नव्हता. बाजारात भाव शेवटच्या, सगळ्यात महाग पडणाऱ्या मालावर ठरतो. मग कोट्यात 1,00,000 ला आणलेला माल कोटावाला 1,05,500 ला का विकणार नाही? ग्राहकाला सवलत कोट्याच्या कडेला येऊन थांबली. शुल्कच शून्य केलं असतं तर शेवटचा टनही 1,00,000 ला आला असता आणि भाव तिथे ठरला असता.

याहून वाईट एक गोष्ट होते. कोटा नसलेला आयातदार 5500 रुपयांनी मागे असतो, तो हात आखडता घेतो, आणि कोट्याबाहेरचा माल कमी येतो. स्वस्ताईसाठी केलेल्या योजनेनं बाजारात टंचाई येऊ शकते. हीच तक्रार तेलबाजारातून आली आणि जानेवारी 2023 मध्ये सरकारनं सोयातेलाचा पुढच्या वर्षाचा कोटा रद्द केल्याचं जाहीर केलं.

टलॉकचा मुद्दा इथून पुढे सुरू होतो. 1100 कोटी सरकारकडून कोटेवाल्यांकडे गेले, तर ते फक्त हस्तांतर झालं. देशाचं त्यात काही बुडालं नाही, असं वाटतं. पण ते मिळवायला लोकांनी काय खर्च केलं ते बघा: अर्ज, सल्लागार, दिल्लीच्या फेऱ्या, आणि वाटप क्षमतेवर होत असेल तर कागदोपत्री क्षमता दाखवण्यासाठी टाकलेली यंत्रं. टलॉकच्या साध्या नमुन्यात जिंकण्याची शक्यता एकूण खर्चातल्या तुमच्या हिश्शाएवढी धरतात. तेव्हा सारख्या ताकदीचे n स्पर्धक R रुपयांच्या बक्षिसासाठी मिळून एवढा खर्च करतात:

```
एकूण खर्च = R × (n − 1) / n
```

दोघे असतील तर निम्मं बक्षीस खर्चात जातं. पाच असतील तर 80 टक्के. 100 कोटींच्या कोट्यासाठी पाच कंपन्यांनी प्रत्येकी 16 कोटी, असे 80 कोटी घालवले, आणि त्यातून तेलाचा एक थेंब जास्त निघाला नाही. परीक्षेत 'रेंट-सीकिंगचा सामाजिक खर्च किती' असा प्रश्न आला तर उत्तर हस्तांतराची रक्कम नसून हा खर्च असतो. शुल्कामुळे होणारा नेहमीचा कार्यक्षमतेचा तोटा, ज्याचा त्रिकोण आकृतीत काढतात, तो यात मिळवायचा.

हे सूत्र शुल्काच्या अंतराला मात्र जसंच्या तसं लागत नाही. कोटा एकाला मिळाला की दुसऱ्याचा जातो, म्हणून चढाओढ होते. अंतर वाढलं तर सगळ्याच रिफायनऱ्यांना फायदा, म्हणून तिथे उलटी अडचण येते: निवेदनाचा खर्च दुसऱ्यानं करावा, असं प्रत्येकाला वाटतं. संघटना त्याचसाठी असतात. प्रश्नात बक्षीस 'एकाला' आहे की 'सगळ्या गटाला' हे वाचून मगच सूत्र लावावं.

दिलेल्या धोरणावर हात कसा फिरवायचा

आधी धोरण सुटं करा: पातळी, अंतर, मार्ग. मग प्रत्येक भागाला विचारा, की हा भाग नसता तर मधल्या माणसाला फरक पडला असता का? शुल्काच्या पातळीनं पडतो. मे 2025 मध्ये रिफाइंडवरचं शुल्कही उतरलं असतं तर? तयार पामोलिनचा 116.75 चा भाव खाली आला असता, म्हणजे त्याला बरंच झालं असतं. तरी तो भाग तसाच ठेवला. तिथे मध्यक मतदार संपतो आणि संघटित गट सुरू होतो. मार्ग कोट्याचा, परवान्याचा किंवा 'पात्र अर्जदारां'चा असेल, तर रेंट-सीकिंगचा संशय पहिला. सरसकट असेल तर शेवटचा.

मग वेळ बघा. महागाई किंवा निवडणुकीबरोबर हलणारा भाग बहुधा मतदाराचा असतो. निवेदनात मागितलेल्या आकड्याजवळ जाऊन बसणारा भाग गटाचा. ही खूण पक्की नाही. निवेदन दिलं आणि निर्णय झाला, एवढ्यावरून निवेदनामुळेच झाला असं ठरत नाही. देशातलं रिफायनिंग आणि रोजगार टिकवणं हा खरा सार्वजनिक हेतूही असू शकतो, आणि चांगल्या उत्तरात त्याला एक ओळ द्यावी लागते. फरक करायचा तर उलटं उदाहरण शोधावं: हाच हेतू असूनही, ज्यांची संघटना नाही अशांसाठी सरकारनं तेच केलं का? लहान तेलघाण्या रोजगार देतात. 16.5 आणि 35.75 मधल्या अंतराचा त्यांना काही उपयोग नाही, कारण त्या आयात कच्चं तेल वापरतच नाहीत.

शेवटी, शुल्क लावणारा आणि घबाड नेणारा एकाच देशात असतील असंही नाही. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारानुसार नेपाळहून तेल शून्य शुल्कानं येतं. नेपाळात सोयाबीनचं पीक नगण्य आहे. तरी सप्टेंबर 2024 मध्ये भारतानं शुल्क वाढवल्यावर नेपाळहून रिफाइंड सोयातेलाची आवक जोरात वाढली. कच्चं तेल समुद्रापलीकडून कोलकात्याच्या बाजूनं नेपाळात जायचं, तिथे रिफाइंड व्हायचं आणि सीमा ओलांडून परत यायचं. तिथल्या रिफायनरीला यासाठी भारतात एकही निवेदन द्यावं लागलं नाही. 35.75 टक्क्यांची भिंत आपण बांधली आणि तिच्या आडोशाला बिराटनगर-बीरगंजकडचे कारखाने चालले. जाण्यायेण्याचा दुहेरी वाहतूक-खर्च हाही टलॉकच्या हिशेबातलाच: ट्रक फिरले, डिझेल जळलं, आणि तेल होतं तेवढंच राहिलं.